आव्यूहाचे वर्गमूळ

आव्यूहाचे वर्गमूळ ही रैखिक बीजगणितातील एक संकल्पना आहे. A हा चौरस आव्यूह (मॅट्रिक्स) दिलेला असताना, ज्या आव्यूहाला स्वतःनेच गुणले असता A मिळतो, त्या आव्यूहास A चे वर्गमूळ म्हणतात. म्हणजेच B × B = A असेल, तर B हे A चे एक वर्गमूळ होय. येथे B² याचा अर्थ आव्यूहांच्या गुणाकाराच्या नियमाने केलेला गुणाकार असा आहे; A मधील प्रत्येक घटकाचे सुटे वर्गमूळ काढून मांडलेला आव्यूह हे सामान्यतः A चे वर्गमूळ नसते.

शून्येतर संख्येला नेमकी दोन वर्गमुळे असतात. आव्यूहाला मात्र दोन, चार किंवा अगणित वर्गमुळे असू शकतात, आणि काही आव्यूहांना एकही वर्गमूळ नसते. त्यामुळे वर्गमूळ अस्तित्वात आहे का, असल्यास ते कसे काढावे आणि अनेक असल्यास त्यांपैकी कोणते घ्यावे, असे तीन प्रश्न येथे उभे राहतात. दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर विकर्णीकरणाच्या पद्धतीतून मिळते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गणिताबाहेर, म्हणजे आव्यूह ज्या वस्तुस्थितीचे वर्णन करतो तिच्यात, शोधावे लागते.

## विकर्णीकरणामागील कल्पना

ज्या आव्यूहात मुख्य विकर्णाबाहेरचे सर्व घटक शून्य असतात, त्यास विकर्णी आव्यूह म्हणतात. अशा आव्यूहाचा वर्ग करणे म्हणजे विकर्णावरील प्रत्येक संख्येचा वर्ग करणे होय. म्हणून त्याचे एक वर्गमूळही विकर्णावरील प्रत्येक संख्येचे वर्गमूळ घेऊन लगेच लिहिता येते. विकर्णावर 9 आणि 4 असतील, तर 3 आणि 2 असलेला विकर्णी आव्यूह हे एक वर्गमूळ होय.

सर्वसाधारण आव्यूह विकर्णी नसतो, परंतु पुष्कळदा तो योग्य दिशांतून पाहिल्यास विकर्णी दिसतो. काही सदिश असे असतात की त्यांना A ने गुणले असता त्यांची रेषा बदलत नाही. ते केवळ एखाद्या संख्येच्या पटीत लांब किंवा आखूड होतात, किंवा उलट दिशेस वळतात. अशा सदिशास आयगेनसदिश आणि त्या पटीस आयगेनमूल्य किंवा लाक्षणिक मूल्य म्हणतात. n × n आव्यूहाला n स्वतंत्र आयगेनसदिश असतील, तर ते स्तंभ म्हणून मांडून P हा आव्यूह तयार करता येतो, आणि

```
A = P D P⁻¹
```

असे लिहिता येते. येथे D हा आयगेनमूल्यांचा विकर्णी आव्यूह आणि P⁻¹ हा P चा व्यस्त आव्यूह आहे. या मांडणीस A चे विकर्णीकरण म्हणतात.

आता E हे D चे वर्गमूळ असेल, तर B = P E P⁻¹ हे A चे वर्गमूळ ठरते. याचे कारण असे की (P E P⁻¹)(P E P⁻¹) या गुणाकारात मधले P⁻¹ आणि P एकमेकांस छेदतात आणि P E² P⁻¹, म्हणजेच P D P⁻¹ उरते. संपूर्ण आव्यूहाचा प्रश्न अशा रीतीने काही सुट्या संख्यांच्या वर्गमुळांवर येऊन ठेपतो. यावरून हेही दिसते की विकर्णीकरण होऊ शकणाऱ्या प्रत्येक आव्यूहाला संमिश्र संख्यांच्या क्षेत्रात किमान एक वर्गमूळ असतेच, कारण प्रत्येक संमिश्र संख्येला वर्गमूळ असते.

## उदाहरण: दोन वर्षांतील बदलावरून एका वर्षाचा बदल

वर्गमुळाचा उपयोग कोठे होतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. कापूस आणि सोयाबीन ही वर्धा जिल्ह्यातील खरिपाची दोन प्रमुख पिके आहेत. समजा, जिल्ह्यातील काही शेतांची पाहणी एक वर्षाआड करण्यात आली आणि प्रत्येक शेतात आधी कोणते पीक होते व दोन वर्षांनंतर कोणते होते, याची नोंद ठेवण्यात आली. सोयीसाठी तूर व इतर पिके बाजूला ठेवली आहेत, आणि पुढील आकडे केवळ गणित समजावण्यासाठी योजलेले आहेत. ते प्रत्यक्ष पाहणीतील नाहीत.

```
              कापूस   सोयाबीन
कापूस      [  0.70     0.30  ]
सोयाबीन    [  0.45     0.55  ]
```

या आव्यूहास T म्हणू. पहिल्या ओळीचा अर्थ असा की आधी कापूस असलेल्या शेतांपैकी 70 टक्के शेतांत दोन वर्षांनंतर कापूस आढळला आणि 30 टक्के शेतांत सोयाबीन आढळले. दुसरी ओळ आधी सोयाबीन असलेल्या शेतांची आहे. प्रत्येक ओळीची बेरीज 1 येते. अशा आव्यूहास संक्रमण आव्यूह म्हणतात.

मधल्या वर्षाची नोंद नाही. एका वर्षात पीक बदलण्याचे प्रमाण किती असावे, हा प्रश्न आहे. दरवर्षी बदलाचा नियम एकच आहे आणि पुढील पीक केवळ चालू पिकावर अवलंबून आहे, असे गृहीत धरले (यालाच मार्कोव्ह साखळी म्हणतात), तर एका वर्षाचा संक्रमण आव्यूह S दोनदा लागू केल्यावर T मिळाला पाहिजे. म्हणजे S² = T. मागितलेला आव्यूह हा T चे वर्गमूळ आहे.

### पायरी १: आयगेनमूल्ये

T च्या मुख्य विकर्णावरील घटकांची बेरीज 0.70 + 0.55 = 1.25 आहे. त्याचा निश्चयक 0.70 × 0.55 − 0.30 × 0.45 = 0.25 आहे. 2 × 2 आव्यूहासाठी या दोन संख्यांवरून लाक्षणिक समीकरण लगेच लिहिता येते:

```
λ² − 1.25 λ + 0.25 = 0
(λ − 1)(λ − 0.25) = 0
```

म्हणून आयगेनमूल्ये 1 आणि 0.25 आहेत. संक्रमण आव्यूहाच्या प्रत्येक ओळीची बेरीज 1 असल्यामुळे 1 हे आयगेनमूल्य नेहमीच असते.

### पायरी २: आयगेनसदिश

λ = 1 साठी (1, 1) हा आयगेनसदिश आहे. λ = 0.25 साठी 0.45x + 0.30y = 0 हे समीकरण मिळते आणि त्यावरून (2, −3) हा सदिश निघतो. हे दोन सदिश स्तंभ म्हणून मांडल्यास

```
P   = [ 1    2 ]        P⁻¹ = [ 0.6   0.4 ]
      [ 1   −3 ]              [ 0.2  −0.2 ]
```

### पायरी ३: वर्गमूळ

D च्या विकर्णावर 1 आणि 0.25 आहेत. त्यांची धन वर्गमुळे 1 आणि 0.5 घेतली, तर

```
S = P [ 1   0  ] P⁻¹ = [ 0.8   0.2 ]
      [ 0  0.5 ]       [ 0.3   0.7 ]
```

पडताळा घेण्यासाठी S चा वर्ग करावा. पहिला घटक 0.8 × 0.8 + 0.2 × 0.3 = 0.64 + 0.06 = 0.70 येतो; उरलेले तीन घटकही T शी जुळतात. या उत्तरानुसार कापसाच्या शेतांपैकी 20 टक्के आणि सोयाबीनच्या शेतांपैकी 30 टक्के शेतांत दरवर्षी पीक बदलते.

T मधील प्रत्येक घटकाचे सुटे वर्गमूळ घेतले असते, तर पहिल्या ओळीत सुमारे 0.84 आणि 0.55 मिळाले असते. त्यांची बेरीज 1 हून बरीच अधिक असल्यामुळे ते उत्तर चूक आहे, हे पाहताक्षणीच ओळखता येते. प्रमाणे सरळ निम्मी करणेही चूक आहे. कापसाकडून सोयाबीनकडे दोन वर्षांत 30 टक्के शेते गेली म्हणून एका वर्षात 15 टक्के गेली असतील, असे मानल्यास पहिल्या वर्षी सोयाबीनकडे जाऊन दुसऱ्या वर्षी कापसाकडे परतलेली शेते हिशेबातून निसटतात.

## वर्गमुळांची संख्या

वरील उदाहरणात धन वर्गमुळे निवडली होती. परंतु 1 चे वर्गमूळ −1 आणि 0.25 चे वर्गमूळ −0.5 हेही आहे. प्रत्येक आयगेनमूल्यासाठी दोन पर्याय असल्यामुळे T ला एकूण चार वर्गमुळे मिळतात.

याहून अधिक वर्गमुळे असू शकत नाहीत. B² = A असेल, तर BA = B³ = AB, म्हणजे B आणि A यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने सारखाच येतो. आयगेनमूल्ये परस्परांहून भिन्न असतील, तर यावरून असे निघते की A चा प्रत्येक आयगेनसदिश हा B चाही आयगेनसदिश असला पाहिजे. त्यामुळे B ला त्याच P ने विकर्णी रूप देता येते आणि निवड केवळ चिन्हांची उरते. n भिन्न आणि शून्येतर आयगेनमूल्ये असलेल्या n × n आव्यूहाला म्हणूनच नेमकी 2ⁿ वर्गमुळे असतात.

आयगेनमूल्यांची पुनरावृत्ती झाली की हा युक्तिवाद लागू पडत नाही. 2 × 2 एकक आव्यूहाचे आयगेनमूल्य 1 हे दोनदा येते आणि प्रत्येक शून्येतर सदिश त्याचा आयगेनसदिश असतो. त्यामुळे P निवडण्यास मोकळीक राहते. परिणामी

```
[ a    b ]
[ c   −a ]      जेथे  a² + bc = 1
```

या रूपातील प्रत्येक आव्यूहाचा वर्ग एकक आव्यूह येतो. a, b आणि c या संख्या अगणित प्रकारे निवडता येत असल्यामुळे एकक आव्यूहाला अगणित वर्गमुळे आहेत. आरशातील प्रतिबिंब दोनदा घेतले असता मूळ चित्र परत मिळते आणि आरसा कोणत्याही कोनात ठेवता येतो, हा या गोष्टीचा भूमितीय अर्थ होय.

## योग्य वर्गमुळाची निवड

पिकांच्या उदाहरणातील चार वर्गमुळांपैकी दोघांत ऋण प्रमाणे येतात, म्हणून ती लगेच बाद होतात. उरलेली दोन मात्र दोन्ही ग्राह्य दिसतात. एक वर काढलेले S. दुसरे, 1 आणि −0.5 ही वर्गमुळे घेतल्यास मिळणारे:

```
R = P [ 1    0  ] P⁻¹ = [ 0.4   0.6 ]
      [ 0  −0.5 ]       [ 0.9   0.1 ]
```

R मधील सर्व घटक धन आहेत, प्रत्येक ओळीची बेरीज 1 आहे आणि R चा वर्गही अचूक T येतो. तरी S आणि R ही शेतीची दोन अगदी वेगळी चित्रे रंगवतात. S नुसार बहुतेक शेतकरी आपले पीक पुढील वर्षीही कायम ठेवतात. R नुसार कापसाची 60 टक्के आणि सोयाबीनची 90 टक्के शेते दरवर्षी पीक बदलतात; म्हणजे येथे पिकांची फेरपालट चालू आहे. सोयाबीन हे हवेतील नत्र मुळांवरील गाठींत स्थिर करणारे द्विदल पीक असल्यामुळे अशी फेरपालट शेतीच्या दृष्टीने असंभाव्यही नाही.

कापसाची 1000 शेते घेऊन सुरुवात केली, तर हा फरक स्पष्ट होतो.

| वर्ष | S नुसार कापूस | R नुसार कापूस |
|---|---|---|
| आरंभ | 1000 | 1000 |
| एका वर्षानंतर | 800 | 400 |
| दोन वर्षांनंतर | 700 | 700 |

दोन वर्षांनंतर दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात. एक वर्षाआड केलेली पाहणी कितीही वेळा केली आणि कितीही शेतांत केली, तरी तिच्यावरून या दोन मार्गांत भेद करता येत नाही. उलट मधल्या एकाच वर्षी थोड्या शेतांची नोंद घेतली तरी प्रश्न सुटतो: कापसाची शेते 80 टक्क्यांच्या आसपास कायम राहिली आहेत की 40 टक्क्यांच्या, एवढेच पाहायचे असते.

जिल्ह्यातील एकूण पेऱ्याचे आकडे मात्र येथे पुरेसे ठरतीलच असे नाही. शेतांची विभागणी कापूस 60 टक्के आणि सोयाबीन 40 टक्के अशी असेल, तर S लागू केले काय किंवा R लागू केले काय, पुढील वर्षी विभागणी तीच राहते. शेतागणिक मोठी फेरपालट चालू असूनही एकूण आकडे स्थिर दिसतात. त्यामुळे त्याच शेताचा सलग दोन वर्षांचा मागोवा आवश्यक ठरतो.

पुढील माहिती नसताना गणितात सहसा *प्रमुख वर्गमूळ* घेण्याचा प्रघात आहे. ज्या आव्यूहाचे कोणतेही आयगेनमूल्य शून्य किंवा ऋण वास्तव संख्या नसते, त्याला असे एकच वर्गमूळ असते की ज्याच्या सर्व आयगेनमूल्यांचा वास्तव भाग धन असतो. वरील उदाहरणात S हे प्रमुख वर्गमूळ आहे. हा केवळ संकेत आहे. R चुकीचे असल्याचा तो पुरावा नाही.

सममित आणि ऋणेतर आयगेनमूल्ये असलेल्या वास्तव आव्यूहांच्या बाबतीत ही अडचण राहत नाही. अशा आव्यूहाला त्याच प्रकारचे, म्हणजे सममित आणि ऋणेतर आयगेनमूल्यांचे, नेमके एकच वर्गमूळ असते. संख्याशास्त्रातील सहप्रचरण आव्यूह याच प्रकारचे असल्यामुळे तेथे वर्गमूळ कोणते, असा वाद उद्भवत नाही.

## वास्तव वर्गमूळ नसणे

निश्चयकाचा एक गुणधर्म असा की गुणाकाराचा निश्चयक हा निश्चयकांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणून B² = A असल्यास A चा निश्चयक हा B च्या निश्चयकाचा वर्ग असतो. B चे घटक वास्तव असतील, तर हा वर्ग ऋण असू शकत नाही. यावरून एक सोपी कसोटी मिळते: ज्या वास्तव आव्यूहाचा निश्चयक ऋण आहे, त्याला वास्तव वर्गमूळ नाही.

पिकांच्या पाहणीत T ऐवजी पुढील आव्यूह मिळाला असता, तर असेच घडले असते:

```
[ 0.3   0.7 ]
[ 0.6   0.4 ]
```

याचा निश्चयक 0.12 − 0.42 = −0.30 आहे आणि आयगेनमूल्ये 1 व −0.30 आहेत. −0.30 चे वर्गमूळ संमिश्र असल्यामुळे प्रमाण म्हणून अर्थ असलेले कोणतेही उत्तर मिळत नाही. याचा अर्थ आकडेमोड चुकली असा नव्हे. दरवर्षी एकच नियम लागू होतो आणि पुढील पीक केवळ चालू पिकावर ठरते, ही दोन गृहीतके या आकड्यांशी एकत्र टिकू शकत नाहीत, असा तो निष्कर्ष आहे. दोन वर्षांपैकी एका वर्षी भाव किंवा पाऊस वेगळा असल्यास दोन वर्षांचे नियम निराळे असू शकतात, आणि त्यांचा गुणाकार हा कोणत्याही एकाच आव्यूहाचा वर्ग असण्याचे कारण नाही.

दोन पिकांच्या संक्रमण आव्यूहाचे दुसरे आयगेनमूल्य हे विकर्णावरील घटकांच्या बेरजेतून 1 वजा केल्यास मिळते. म्हणून ही बेरीज 1 हून कमी भरली, की वास्तव वर्गमूळ नाही असे तत्काळ सांगता येते. बेरीज 1 च्या अगदी जवळ असेल तर सावधगिरी बाळगावी लागते, कारण शून्याजवळ वर्गमूळ फार वेगाने बदलते. दुसरे आयगेनमूल्य 0.01 ऐवजी 0.04 मोजले गेले, तर त्याचे वर्गमूळ 0.1 ऐवजी 0.2, म्हणजे दुप्पट येते. आणि तेच −0.01 मोजले गेले तर वर्गमूळच नाहीसे होते. शेतांची संख्या थोडी असताना एवढी चूक सहज संभवते.

निश्चयक धन असला म्हणजे वास्तव वर्गमूळ असतेच, असे मात्र नाही. विकर्णावर −1 आणि −2 असलेल्या 2 × 2 विकर्णी आव्यूहाचा निश्चयक 2 आहे. परंतु त्याची आयगेनमूल्ये भिन्न असल्यामुळे त्याची वर्गमुळेही विकर्णीच असली पाहिजेत, आणि त्यांच्या विकर्णावर वास्तव संख्या येऊ शकत नाहीत. याउलट विकर्णावर −1 आणि −1 असलेल्या आव्यूहाला वास्तव वर्गमूळ आहे:

```
[ 0  −1 ]
[ 1   0 ]
```

हा आव्यूह प्रतलाला काटकोनातून फिरवतो. तसे दोनदा केले की प्रत्येक सदिश उलटा होतो. सारखी ऋण आयगेनमूल्ये अशा रीतीने जोडीने आली, तर फिरवण्याच्या क्रियेतून वास्तव वर्गमूळ मिळू शकते.

## विकर्णीकरण न होणारे आव्यूह

काही आव्यूहांना पुरेसे स्वतंत्र आयगेनसदिश नसतात. त्यांचे विकर्णीकरण होत नाही. म्हणून त्यांना वर्गमूळ नाही, असे मात्र मानता येत नाही. पुढील दोन आव्यूह वरवर सारखे दिसतात:

```
M = [ 1   1 ]        N = [ 0   1 ]
    [ 0   1 ]            [ 0   0 ]
```

दोहोंनाही आयगेनसदिशांची एकच रेषा आहे. M ला तरीही वर्गमूळ आहे: त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील 1 ऐवजी 0.5 लिहिल्यास मिळणारा आव्यूह. N ला मात्र संमिश्र संख्या घेऊनही वर्गमूळ नाही. B² = N आहे असे मानल्यास B⁴ = N² = 0 येते. त्यामुळे B ची दोन्ही आयगेनमूल्ये शून्य असली पाहिजेत. तसे असल्यास केली-हॅमिल्टन प्रमेयानुसार B² = 0 येते, आणि N शून्य नसल्यामुळे ही विसंगती होय.

हा फरक शून्य या आयगेनमूल्यामुळे पडतो. व्यस्त असलेल्या, म्हणजे ज्याचे कोणतेही आयगेनमूल्य शून्य नाही अशा, प्रत्येक आव्यूहाला संमिश्र संख्यांत वर्गमूळ असते. त्याचे विकर्णीकरण होवो वा न होवो. व्यस्त नसलेल्या आव्यूहासाठी अधिक सूक्ष्म कसोटी लागते. ती जी. डब्ल्यू. क्रॉस आणि पी. लँकेस्टर यांनी १९७४ मध्ये मांडली. A, A², A³ … यांनी शून्य होणाऱ्या सदिशांच्या अवकाशाची मिती प्रत्येक पायरीला कितीने वाढते, ते क्रमाने लिहावे. या वाढींच्या यादीत एकच विषम संख्या दोनदा येत नसेल, तर आणि तरच A ला वर्गमूळ असते. N च्या बाबतीत मिती आधी 1 आणि मग 2 होते. वाढींची यादी 1, 1 अशी येते. विषम संख्या 1 दोनदा आली, म्हणून वर्गमूळ नाही.

## दोन बाय दोन आव्यूहाचे सूत्र

2 × 2 आव्यूहासाठी आयगेनसदिश न काढताही वर्गमूळ मिळते. B च्या विकर्णावरील घटकांची बेरीज t आणि निश्चयक s असेल, तर केली-हॅमिल्टन प्रमेयानुसार B² − tB + sI = 0. येथे I हा एकक आव्यूह आहे. B² च्या जागी A लिहिल्यास

```
B = (A + sI) / t
s = ± √(A चा निश्चयक)
t = ± √(A च्या विकर्णावरील बेरीज + 2s)
```

T साठी s = 0.5 घेतल्यास t = √2.25 = 1.5 येतो आणि पहिला घटक (0.70 + 0.5) / 1.5 = 0.8 मिळतो, हे S आहे. s = −0.5 घेतल्यास t = √0.25 = 0.5 येतो आणि पहिला घटक (0.70 − 0.5) / 0.5 = 0.4 मिळतो, हे R आहे. चिन्हांच्या चार निवडींतून विकर्णीकरणाने मिळालेलीच चार वर्गमुळे निघतात. t शून्य येत असेल तेथे हे सूत्र वापरता येत नाही. एकक आव्यूहाची आरशासारखी अगणित वर्गमुळे नेमकी याच ठिकाणी सूत्रातून निसटतात.

## संगणकावरील गणन

विकर्णीकरणाची पद्धत कागदावर स्वच्छ असली, तरी संगणकावर ती कधी कधी दगा देते. दोन आयगेनसदिश जवळजवळ एकाच रेषेत असतील, तर P⁻¹ मधील घटक प्रचंड मोठे होतात आणि गणनातील बारीक चुका त्याच पटीने फुगतात. वरील M मधील खालचा 1 बदलून 1 + 10⁻¹⁰ केला, तर विकर्णीकरण तत्त्वतः शक्य होते. परंतु P⁻¹ मध्ये 10¹⁰ एवढ्या संख्या येतात आणि संगणकाच्या नेहमीच्या सुमारे 16 अंकी अचूकतेपैकी सुमारे 10 अंक धोक्यात येतात. विशेष म्हणजे प्रत्यक्ष वर्गमूळ मात्र साधेच, M च्या वर्गमुळाच्या अगदी निकटचे असते. दोष प्रश्नात नसून पद्धतीत असतो.

हे टाळण्यासाठी ओके ब्यर्क आणि स्वेन हॅमरलिंग यांनी १९८३ मध्ये सुचवलेली पद्धत वापरली जाते. तीत A ला विकर्णी रूपाऐवजी त्रिकोणी रूप दिले जाते आणि वर्गमुळाचे घटक क्रमाने काढले जातात. पायथन भाषेतील `scipy.linalg.sqrtm` हे फलन याच प्रकारच्या पद्धतीवर आधारलेले आहे:

```
import numpy as np
from scipy.linalg import sqrtm

T = np.array([[0.70, 0.30], [0.45, 0.55]])
S = sqrtm(T)
print(S)
print(S @ S - T)
```

शेवटच्या ओळीतील उत्तर जवळजवळ शून्य आले पाहिजे. हे फलन प्रमुख वर्गमूळ देते. R सारखी इतर वर्गमुळे ते दाखवत नाही. तसेच तीन किंवा अधिक पिकांच्या संक्रमण आव्यूहाच्या प्रमुख वर्गमुळात ऋण घटक येऊ शकतात. म्हणून पडताळ्यासोबत प्रत्येक घटकाचे चिन्हही तपासावे लागते, आणि ऋण घटक आढळल्यास उरलेली वर्गमुळे हाताने काढून पाहावी लागतात.

## इतिहास

आर्थर केली यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आव्यूह सिद्धांतावरील प्रबंधात 2 × 2 आव्यूहाच्या वर्गमुळाचा विचार केला होता. वर दिलेले सूत्र त्याच प्रबंधातील केली-हॅमिल्टन प्रमेयावर उभे आहे. १८७२ मध्ये त्यांनी 3 × 3 आव्यूहाच्या वर्गमुळावर स्वतंत्र लेख लिहिला. संक्रमण आव्यूहाचे लहान कालखंडांत विभाजन करता येते का, हा प्रश्न फिनलंडचे गणिती गुस्ताव एल्फविंग यांनी १९३७ मध्ये मांडला. दोन अवस्थांसाठी त्याचे उत्तर सोपे आहे: विकर्णावरील बेरीज 1 हून अधिक असली की हवे तितके लहान विभाजन शक्य होते. अवस्थांची संख्या वाढली की मात्र तो प्रश्न बराच कठीण होतो.